पहिला आवाज ओळीत नको, रेषेवर

«हृदयचक्राच्या टप्प्यांचा तक्ता केला, पण हृदयाचा पहिला आवाज अलिंदाच्या आकुंचनात लिहू की निलयाच्या?»

दोन्हीकडे नको, त्या दोन ओळींमधल्या रेषेवर लिहा. मिरजेला वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला असताना मीही तो ओळीत कोंबला होता आणि तोंडी परीक्षेत अडकलो. आवाज झडप बंद होताना येतो आणि झडप बंद होणं म्हणजेच एक टप्पा संपून दुसरा सुरू होणं. ठोके मिनिटाला 75 धरले तर पूर्ण चक्र 0.8 सेकंदाचं. शून्य ते 0.1 अलिंद आकुंचन. 0.1 च्या रेषेवर डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली मायट्रल झडप मिटते, तिथे पहिला आवाज. पुढचे साधारण 0.05 सेकंद डाव्या निलयाच्या दोन्ही झडपा बंद, रक्त जागचं हलत नाही, दाब मात्र साधारण 10 पासून 80 मिमी पाऱ्यापर्यंत चढतो. महाधमनीचा दाब ओलांडला की तिची झडप उघडते, पण निरोगी हृदयात उघडण्याचा आवाज ऐकू येत नाही. ती मिटते 0.4 च्या सुमारास, दुसरा आवाज तिथे.

तक्ता तपासायची माझी युक्ती: डाव्या बाजूला «दोन्ही बंद» फक्त दोनदाच यायला हवं, प्रत्येक आवाजाच्या लगेच खाली. «दोन्ही उघड्या» कुठेही दिसलं तर खोडरबर घ्या.