सरासरी ३ वरून ९ वर गेली: प्रोजेक्ट घसरला की सुटला?

समुद्रकाठ (रत्नागिरी)
आम्ही पाच जण एका मच्छीमार सोसायटीसाठी डिझेल परतावा आणि लिलावाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर करतोय. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टला बोटी निघणार, म्हणजे तारीख हलत नाही. कामांची टिकिटं नोंदवायचा आमचा ट्रॅकर जिरा, त्यातून दर आठवड्याला आम्ही एकच आकडा काढतो: बंद झालेल्या टिकिटांना सरासरी किती दिवस लागले. मागच्या आठवड्यात ३ होता, या आठवड्यात ९. साहेब म्हणतात काम घसरलं, टीम म्हणते उलट सुटलं. यातला लीडिंग इंडिकेटर, म्हणजे आधी इशारा देणारा आकडा कुठला, लॅगिंग, म्हणजे मागाहून कळणारा कुठला, आणि दोन्ही ठेवायची खरंच गरज आहे का?

कुडाळवाला
माका ह्या पटणा नाय, दोन-दोन आकडे कशाला? मागाहून कळणारं सगळं काढून टाका. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या किती तक्रारी आल्या हे तुम्ही मोजेपर्यंत बोटी समुद्रात असतील आणि कारकून परत वहीवर आलेला असेल. व्हेलॉसिटी बघा. दर स्प्रिंटला किती पॉइंट उरकले त्यावरून पुढचं कळतं. आम्ही तेवढ्यावरच चालतो.

जुनी_वही (चिपळूण)
कुडाळवाल्या भाऊंचं निम्मं बरोबर आहे. तारीख हलत नसेल तर आधी कळणारं काहीतरी हवंच. पण व्हेलॉसिटीसुद्धा उरकलेल्या कामाचीच असते. अडकून पडलेलं काम तिच्यात दिसत नाही.

समुद्रकाठ, तुमचे ३ आणि ९ उलगडून बघा. समजा मागच्या आठवड्यात १० टिकिटं बंद झाली आणि प्रत्येकाला ३ दिवस लागले. सरासरी ३. त्याच वेळी आणखी तीन टिकिटं रिव्ह्यूमध्ये तशीच पडून होती, पण बंद झाली नव्हती म्हणून सरासरीत आलीच नाहीत. या आठवड्यात टीमने त्या तिन्ही टिकिटांचा निकाल लावला, प्रत्येकाला १९ दिवस लागलेले. शिवाय नेहमीची ५, तीन-तीन दिवसांची. ५७ आणि १५ मिळून ७२, भागिले ८, सरासरी ९. तुमच्याकडे असंच झालं असेल तर दुखणं मागच्या आठवड्यात होतं, आकडा छान दिसत होता तेव्हा. साहेबांना सरासरीऐवजी ती आठ टिकिटं एकेक करून दाखवा, वाद तिथेच मिटेल.

म्हणून आधी इशारा हवा असेल तर बंद टिकिटांकडे नको, उघड्या टिकिटांच्या वयाकडे बघा. किती वय झालं म्हणजे काळजी करायची, हे तुमच्याच इतिहासातून ठरतं. गेल्या तीन महिन्यांत बंद झालेली टिकिटं घ्या आणि शंभरातली ८५ किती दिवसांत उरकली ते काढा. समजा ८ दिवस निघाले. मग रोज सकाळी हे चालवा:

```
statusCategory = "In Progress" AND status CHANGED TO "In Progress" BEFORE -8d
```

हातात घेऊन आठ दिवस उलटले तरी न संपलेली टिकिटं यात येतात, मध्ये रिव्ह्यूला जाऊन परत आली असली तरीही. `updated` वर मात्र शोधू नका. कोणी नुसती कॉमेंट टाकली तरी महिन्याचं टिकीट ताजं दिसायला लागतं.

आता बघा, ही ८ दिवसांची रेघ आली कुठून? बंद झालेल्या टिकिटांमधूनच. मागचा आकडा फेकून दिलात तर पुढचा कशावर उभा करणार?

वाडीतून_काम (सावंतवाडी)
जिराने सरासरी चुकीची काढली असणार. आमच्याकडे पाऊस लागला की लाईट जाते, मागोमाग टॉवर जातो. काम चालू असतं, पण टिकिटं सरकवतो ती शुक्रवारी नेट आल्यावर, सगळी एकदम. मग सोमवारी संपलेलं कामही शुक्रवारी संपलेलं दिसतं. तुमच्याकडेही तसंच झालं असेल, दुसरं काही नाही.

जुनी_वही (चिपळूण)
दादा, त्यांचा प्रश्न तो नव्हता, पण तुमचा मुद्दा सोडण्यासारखा नाही. ट्रॅकरमध्ये नोंद काम झाल्याच्या वेळेची नसते, टिकीट सरकवल्याच्या वेळेची असते. चार दिवसांची चूक असेल तर ८ दिवसांच्या रेघेवर भरवसा ठेवता येत नाही. बंद होण्याच्या वेळा शुक्रवारी संध्याकाळी गोळा झालेल्या दिसल्या तर वय दिवसांत न मोजता आठवड्यांत मोजावं.

टेस्टरताई (मालवण)
मी पूर्वी जिथे होते तिथे उघड्या टिकिटांचं वय मोठ्या पडद्यावर लावलं होतं. महिनाभरात सगळे आकडे सुंदर झाले. कारण लोक आठव्या दिवशी टिकीट बंद करायचे आणि उरलेल्या कामाचं नवीन उघडायचे, नाव तेच, पुढे ‘भाग २’. नव्या टिकिटाचं वय शून्य! पडद्यावर काहीच कळत नव्हतं. कळलं ते रिलीजनंतर. पहिल्या ३० दिवसांत ग्राहकांनी नोंदवलेले बग मी मूळ टिकिटांना जोडत गेले, तर बहुतेक सगळे त्या ‘भाग २’ वाल्या कामांमधले निघाले. मागाहून येणारा तो आकडा नसता तर आम्ही अजूनही त्या पडद्याकडे बघून खूश असतो. त्यामुळे ‘लॅगिंग काढून टाका’ हे मला अजिबात मान्य नाही.

कुडाळवाला
ताई, तुमची टीम मोठी असणार. इथे पाच माणसं आहेत. तीन महिन्यांत शंभरेक टिकिटं होतील, तेवढ्यावर ८५ ची रेघ निघेल, ते मानतो. पण ग्राहकाचे बग येणार पाच-सहा. पाच-सहा बगांवरून कसली पडताळणी करणार? आणि तेही ऑगस्ट उलटल्यावर!

जुनी_वही (चिपळूण)
बग कमी आहेत हे खरं. म्हणून तिथे टक्केवारी काढायची नाही, प्रत्येक बग वाचायचा. ज्या टिकिटातून तो आला त्याची हिस्टरी उघडा आणि त्याने रेघ ओलांडली होती का बघा. सहापैकी पाच बग रेघेच्या आत, दोन-तीन दिवसांत उरकलेल्या कामातून आले असतील, तर तुमचा इशारा चुकीच्या जागी लावलाय. मग वय बाजूला ठेवून टेस्टिंगमधून परत आलेली टिकिटं मोजून बघावी लागतील. कुठला इशारा खरा, हे आधीपासून कोणालाच सांगता येत नाही.

टेस्टरताई (मालवण)
आणि ऑगस्टपर्यंत थांबायचं कशाला? बंदी १ जूनला लागते, म्हणजे मे महिन्याची लिलावाची आणि डिझेलची बिलं सोसायटीकडे पडून असतील. सोसायटीच्या कारकुनालाच जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सगळी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला बसवा आणि बेरजा वहीशी ताडून बघा. तुम्हाला ऑगस्टमध्ये मिळणारे बग त्यातले निम्मे तरी जुलैतच हातात येतील.

कुडाळवाला
बेरजेचे येतील. लिलावाच्या वेळचे नाही. बंदरावर बोटी लागल्या की चार जण एकाच वेळी ओरडून भाव सांगतात, ओल्या हातांनी मोबाईलवर नोंद होते, रेंज येते-जाते. पंख्याखाली बसून जुनी बिलं भरताना यातलं काय दिसणार?

समुद्रकाठ (रत्नागिरी)
आत्ताच चालवून बघितलं. आमची रेघ ७ दिवसांवर आली, आणि तिच्यापुढे ४ टिकिटं आहेत. सरासरीचंही तसंच निघालं, १९ नाही पण १७-१८ दिवसांची तीन जुनी टिकिटं याच आठवड्यात बंद झालीत. पण या ४ पैकी २ डिझेल परताव्याची आहेत. आमच्या बाजूने काम झालंय, सोसायटीकडून दराचा कागद यायचाय. ती मोजायची का? साहेब म्हणतात नको, टीमचा दोष नाही.

कुडाळवाला
साहेबांचं बरोबर आहे. जे आपल्या हातात नाही ते आपल्या तब्येतीत कशाला धरायचं? वेगळं स्टेटस करा आणि बाजूला काढा.

जुनी_वही (चिपळूण)
वेगळं स्टेटस करा, पण बाजूला काढू नका. वय दोषासाठी मोजायचं नसतं. तो कागद २५ जुलैला आला तर परताव्याचा हिशोब तपासायला तुमच्याकडे सहा दिवस उरतात, मग दोष कोणाचाही असो. वाट बघणारी टिकिटं काढलेली यादी साहेबांना आवडेल, पण त्यांनी सोसायटीला फोन करावा असं तिच्यात काहीच उरणार नाही.

कुडाळवाला
फोन करायला आकडा कशाला लागतो? आणि एकदा बाहेरच्यांचं आत घेतलंत की टीम तुमच्या रेघेकडे बघायचं सोडून देईल. हे मी दोन टीममध्ये बघितलंय.