मदत हवी आहे: वरिष्ठांना मेसेज करताना स्मायली आणि ! चालतात का?

फाईलबंद
आज संध्याकाळच्या आत एक मेसेज पाठवायचाय आणि दोन तास त्याच्यावरच अडकलोय. ऑफिसातल्या सीनियर मॅडमना एक काम आठवण करून द्यायचंय. स्मायली घातल्या तर बालिश वाटतं, काढल्या तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. उद्गारचिन्हांचंही तेच. नियम काय आहे? लवकर सांगा.

सुका_बांगडा
नियम सोपा आहे. वरिष्ठांना स्मायली नाही, उद्गारचिन्ह नाही. काही नाही. विषय संपला.

मांडवीकाठ
संपला कुठे, सुरू तरी झालाय का? धागाकर्ते, या मॅडम तुमच्या थेट साहेब की नुसत्या ज्येष्ठ? मेसेज कुठे जाणार, व्हॉट्सॲपवर की ऑफिसच्या चॅटवर? मराठीत, इंग्रजीत की आपल्याकडचं रोमन लिपीतलं कोंकणी? त्या स्वतः कसं लिहितात? आणि मुळात मेसेज काय आहे तो टाका की इथे.

शेजारची_बाय
माझ्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावला की हात जोडलेली स्मायली सापडतच नाही. कुठे असते?

फाईलबंद
व्हॉट्सॲप. मराठी. मॅडम थेट साहेब नाहीत, पण अंदाजपत्रकावर सही त्यांची लागते. मेसेज हा:

«गुड आफ्टरनून मॅडम! 😊 अंदाजपत्रक मेल केलंय!! प्लीज आजच बघाल का!! चवथीच्या आधी सबमिट करायचंय 🙏🙏😅»

सुका_बांगडा
बाप रे. एवढं तर गणपतीवरच्या माटोळीलाही टांगत नाहीत.

वळेसार
यातली प्रत्येक खूण वेगळी बघायला हवी, कारण सगळ्याच वाईट नाहीत.

पहिलं उद्गारचिन्ह अभिवादनावर आहे, ते निरुपद्रवी. दुसरी जोडी «मेल केलंय» नंतर. ही नुसती माहिती आहे, तिच्यात आनंदाचं किंवा आश्चर्याचं काही नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की एवढं ओरडून का सांगताय, मी विसरले असं म्हणायचंय का? खरी गडबड तिसऱ्या जागी आहे. «आजच बघाल का» हा प्रश्न आहे. प्रश्नचिन्ह काढून तिथे दोन उद्गारचिन्हं ठोकलीत, म्हणजे विनंतीचा तगादा झाला. «आजच» मधल्या च ने जोर आधीच दिला होता. मराठीत असा जोर शब्दातच बसतो, खुणेने तो पुन्हा दिला की दुप्पट होतो. इंग्रजी चॅटमध्ये मऊपणा आणायला उद्गारचिन्ह वापरतात, ती सवय मराठी वाक्यात तशीच्या तशी उचलू नका. तो मऊपणा आपल्याकडे «जमेल का», «बघाल का» हेच करतात.

आता 😅. कपाळावर घाम आलेलं हे हसू माणूस आपली चूक झाकायला वापरतो. मॅडम विचारणार, उशीर तुमच्याकडून झाला की काय? झाला नसेल तर उगाच कबुली कशाला देताय?

सुका_बांगडा
म्हणजे मी म्हटलं तेच. काढून टाका सगळं.

वळेसार
तेच नाही. धन्यवादावर एक उद्गारचिन्ह शोभतं. «धन्यवाद मॅडम!» आणि «लवकर बघा!» या दोन वाक्यांत खूण तीच आहे, पण पहिल्यात ती तुमची भावना दाखवते, दुसऱ्यात समोरच्याला ढकलते. त्यामुळे वरिष्ठ म्हणून बंदी घालण्यात अर्थ नाही. वाक्य काही देतंय की मागतंय, ते बघा.

कुळागर
एक मुद्दा राहिला. स्मायली काढल्या आणि प्रत्येक वाक्याला पूर्णविराम दिला तर मेसेज उद्धट होतो. हे अमेरिकेत संशोधनाने सिद्ध झालंय. त्यामुळे पूर्णविराम अजिबात नको, एखादी स्मायली हवीच.

वळेसार
संशोधन खरं आहे, निष्कर्ष ताणलाय. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातलं काम ते, २०१५ साली गाजलं होतं. त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एका शब्दाची इंग्रजी उत्तरं दाखवली. पुढे पूर्णविराम असलेलं उत्तर त्यांना कमी मनापासून दिलेलं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवलं तेव्हा असा फरक पडला नाही. म्हणजे विषय एका शब्दाच्या उत्तराचा आणि विशीतल्या वाचकांचा. चार वाक्यांच्या मराठी मेसेजात पूर्णविराम नसेल तर वाक्यं एकमेकांत घुसतात, एवढंच होतं.

फाईलबंद
पूर्णविरामावरून आठवलं. गेल्या आठवड्यात मॅडमनी मला नुसतं «Ok.» लिहिलं होतं, शेवटी टिंब देऊन. म्हणूनच तर एवढ्या स्मायली घातल्या, रागावल्या असतील तर जरा बरं वाटावं म्हणून.

मांडवीकाठ
हे आधी सांगायचं ना! त्या इतर मेसेजांतही टिंब देतात का?

फाईलबंद
बघितलं आत्ता. सगळीकडे देतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही.

मांडवीकाठ
मग तो राग नाही, सवय आहे त्यांची. एकेका मेसेजावरून कुणाचा सूर ठरवू नका, मागचे आठ-दहा वर सरकवून बघा. नेहमी टिंब देणाऱ्या माणसाचं टिंब काही सांगत नाही. नेहमी न देणाऱ्याने अचानक दिलं तर ते सांगतं. स्मायलीचंही तेच गणित.

शेजारची_बाय
माझा प्रश्न राहिलाच.

कुळागर
बाय, स्पेसबारच्या बाजूला हसऱ्या तोंडाचं बटण असतं ते दाबा, नसेल तर एंटरचं बटण दाबून धरा. आणि 🙏 बद्दल मात्र मी ऐकणार नाही. तो आपला नमस्कार आहे, वरिष्ठांना तो चालायलाच हवा.

सुका_बांगडा
नमस्कार कसला. ऑफिसच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की खाली चाळीस 🙏 येतात. तीच खूण अंदाजपत्रकाखाली?

वळेसार
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून ती जपून वापरायची. 🙏 नमस्कार, आभार, विनवणी, माफी, श्रद्धांजली अशा सगळ्याला चालते, शेजारचं वाक्यच तिचा अर्थ ठरवतं. «धन्यवाद» शेजारी ती आभार होते. «प्लीज आजच» शेजारी, तेही दोन वेळा, ती पाया पडणं होते. पाया पडल्यासारखी विनंती आली की वरिष्ठांना नाही म्हणणं अवघड होतं, आणि ते त्यांना खुपतं. कुळागर म्हणतात तसं अभिवादनापाशी एक ठेवली तर हरकत नाही. मी ठेवणार नाही, पण हा आवडीचा भाग आहे.

मांडवीकाठ
अजून एक विचारायचं राहिलं. मेसेज मॅडमना वेगळा जाणार ना?

फाईलबंद
नाही, प्रोजेक्टच्या ग्रुपवर. मोठे साहेबही आहेत त्यात. सगळ्यांना कळावं म्हणून.

मांडवीकाठ
झालं! एवढा वेळ स्मायली मोजतोय आणि खरा घोळ हा होता. मोठ्या साहेबांसमोर «आजच बघाल का!!» म्हणजे काम मॅडमकडे अडलंय अशी जाहीर तक्रार. तिथे 😊 लावलं तर ती गोड तक्रार होते, आणि ती जास्त झोंबते. ग्रुपवर फक्त «अंदाजपत्रक मेल केलं आहे.» एवढंच टाका. विनंती मॅडमना वेगळी करा.

सुका_बांगडा
आणि चवथीच्या आधी म्हणजे नेमकं कधी? चवथीच्या आठवड्यात अर्धं ऑफिस बाजारात असतं. शुक्रवार असला तर म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

फाईलबंद
हॉलच्या दुरुस्तीची निविदा गुरुवारी दुपारी ३ पर्यंत भरायची आहे. दर तपासायचेत ते फक्त पान ३ वरचे, रंगकामाचे. बाकी माझं तपासून झालंय.

वळेसार
ही माहिती मेसेजात का नाही? तुमच्या मजकुरात तारीख नाही, वेळ नाही, नेमकं काय बघायचं तेही नाही. घाई सांगायला आकडे नव्हते म्हणून ती जागा खुणांनी भरली. आकडे घाला, खुणा आपोआप गळतील:

«नमस्कार मॅडम. हॉलच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मेल केलं आहे. पान ३ वरचे रंगकामाचे दर तेवढे तुम्ही पाहायला हवेत, बाकी तपासून झालं आहे. निविदा गुरुवारी दुपारी ३ पर्यंत भरायची आहे. बुधवारी दुपारपर्यंत बघणं जमेल का?»

शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे उत्तर अपेक्षित आहे हे दिसतं. त्यांचा होकार आला की मग «धन्यवाद मॅडम!» लिहा आणि हवी तर 🙏 घाला.

कुळागर
मजकूर चांगला आहे, पण कोरडा. मी «नमस्कार मॅडम 🙏» च लिहीन.

फाईलबंद
पाठवला. 🙏 शिवाय. समजा नंतर घालावीशी वाटली तर?

मांडवीकाठ
पहिली १५ मिनिटं दुरुस्ती करता येते, पण मेसेजशेजारी «Edited» दिसतं. नुसत्या स्मायलीसाठी तेवढं करू नका, काय बदललं असेल याचाच विचार त्या करतील. आणि पुसला तर पुसल्याची नोंद उरते, ते आणखी वाईट. नुसती स्मायली वेगळी पाठवू नका हेही सांगून ठेवतो. एकटी गेली की ती मोठ्या आकारात दिसते, आणि लाल बदाम असला तर तो धडधडतो.

फाईलबंद
मॅडमचं उत्तर आलं. म्हणजे उत्तर नाही, माझ्या मेसेजवर 👍 दिलाय नुसता. आता हे «बुधवारपर्यंत बघते» की «वाचलं»?

सुका_बांगडा
वाचलं. संपलं.

कुळागर
प्रश्न विचारला होता, त्यावर अंगठा म्हणजे होकारच की.

वळेसार
यावर कॅनडात खटला झालाय. सस्कॅचेवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला धान्य खरेदीदाराने अळशीच्या कराराचा फोटो पाठवला, शेतकऱ्याने 👍 दिला आणि पुढे माल दिलाच नाही. करार पोचला एवढंच मी म्हटलं, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये कोर्टाने तो होकार धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला लावली. पण अंगठा म्हणजे कायम होकार, असं त्यातून काढू नका. त्या दोघांचे आधीचे करारही अशाच त्रोटक उत्तरांवर झाले होते आणि माल पोचला होता, हे कोर्टाने बघितलं. म्हणून तुम्हीही आधीचं बघा. मॅडमनी पूर्वी अंगठा दिला तेव्हा पुढे काम झालं होतं का?

फाईलबंद
एकदा झालं होतं. एकदा नाही.

मांडवीकाठ
मग बुधवारी दुपारपर्यंत थांबा. तोवर काही आलं नाही तर एवढंच: «मॅडम, पान ३ चे दर पाहून झाले का? ४ वाजता प्रिंट काढायला घेतो.» आठवणीच्या मेसेजला 😊 लावू नका, टोमणा वाटतो.

कुळागर
😊 नको, पण 🙏?

सुका_बांगडा
कुळागर, तुम्ही स्वतंत्र धागा काढा.

शेजारची_बाय
सापडली! 🙏🙏🙏