मदत हवी आहे: सैद्धांतिक चौकटीतली संकल्पना आणि प्रश्नावलीतलं चल जुळत नाही

विषय: घरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्याचं वर्गीकरण. आधार आइझेन यांचा १९९१ चा नियोजित वर्तनाचा सिद्धांत. डेटा गोळा झालाय, त्यामुळे प्रश्न बदलता येणार नाहीत. आता चौकटीचं प्रकरण नव्याने लिहितेय. प्रत्येक परिच्छेदात आधी संकल्पनेची व्याख्या, मग ती मोजणारे प्रश्न आणि शेवटी त्यावरचं गृहीतक, असा क्रम ठेवलाय.

अभिवृत्तीचे ४, सामाजिक दबावाचे ३ आणि हेतूचे ३ प्रश्न नीट बसतात. घोडं अडलंय ते ‘जाणवलेल्या नियंत्रणा’पाशी. तिथे एकच प्रश्न आहे: “घरात दोन वेगळे डबे आहेत का?” हे तर प्रत्यक्ष साधन झालं. डबे असूनही ‘मला रोज जमणार नाही’ असं वाटू शकतं, आणि संकल्पना नेमकी त्या वाटण्याची आहे.

मग डब्यांना ‘प्रत्यक्ष नियंत्रण’ म्हणून हेतू आणि वर्तन यांच्यामधलं नियामक चल करावं का? की नियंत्रण पूर्ण वगळून फिशबाइन-आइझेन यांच्या आधीच्या तर्कसंगत कृतीच्या सिद्धांतावर यावं? मला पहिला मार्ग प्रामाणिक वाटतो, फक्त मोजलं न गेलेलं जाणवलेलं नियंत्रण मर्यादांमध्ये स्पष्ट लिहावं लागेल.

अजून एक पेच. वर्तन ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस’ असं विचारलंय, हेतू मात्र पुढच्या महिन्याचा. म्हणजे परिणाम कारणाच्या आधीचा! इथे ‘हेतूमुळे वर्तन’ऐवजी ‘हेतू आणि वर्तन यांचा सहसंबंध’ एवढंच गृहीतक ठेवलं तर परीक्षकांना चालतं का? असं प्रकरण लिहिलेल्यांनी कृपया सांगा.