शब्दचर्चा: साच्यातल्या ‘कोअर’, ‘कॅव्हिटी’ आणि ‘पार्टिंग लाइन’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक, लातूर
आयटीआयच्या मुलांसाठी प्लास्टिकच्या साच्यांवरचं एक टिपण मराठीत करतेय. कोअरला ‘गाभा’, कॅव्हिटीला ‘पोकळी’ आणि पार्टिंग लाइनला ‘मध्यरेषा’ असं लिहिलं. एका मुलानं वाचून विचारलं, “म्हणजे झाकणाच्या आतली पोकळी कॅव्हिटीनं होते ना?” नेमकं उलटं! काय करावं?

फौंड्रीवाला, नांदेड
ताई, गाभा बरोबरच हाय की. आमी वाळूचा कोअर बसवतो, धातू ओततो, थंड झालं की फोडून काढतो. त्यात एवढं काय अवघड म्हणायलाव?

टूलरूम, वाळूज
भाऊ, तुमचा कोअर दर ओतीला नवा लागतो. ताई म्हणतात तो पोलादाचा, मशीनवर कायमचा बसलेला. आतली बाजू घडवायचं काम मात्र दोन्हींचं सारखंच.
‘पोकळी’ मात्र काढून टाका. कॅव्हिटी म्हणजे ज्या खड्ड्यात झाकणाची बाहेरची बाजू घडते तो भाग. आमच्या जुन्या कारागिरांत नर आणि मादी म्हणायची पद्धत आहे. मुलांना ते एका फटक्यात कळतं.

डिप्लोमा, जालना
मध्यरेषेला काय हरकत आहे? साच्याचे दोन भाग करायचे म्हणजे मधोमधच कापणार ना. चेंडूचा साचा बघा.

टूलरूम, वाळूज
चेंडूला मधोमध बरोबर, कारण त्याचा सगळ्यात रुंद घेर तिथंच असतो. साचा ज्या दिशेनं उघडतो त्या दिशेनं वस्तूकडे बघा. बाहेरची कड जिथून जाते तिथं पार्टिंग.
आता डबीचं झाकण घ्या. व्यास 60 मिमी, उंची 15, भिंत 2, माल पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. साच्यातून सहज सुटावं म्हणून भिंतीला 1 अंश ड्राफ्ट दिला, की 15 मिमी उंचीत एका बाजूला साधारण 0.26 मिमी उतार पडतो. म्हणजे उघडं तोंड वरच्या टोकापेक्षा अर्धा मिमी रुंद. सगळ्यात रुंद जागा तोंडाची कड, म्हणून पार्टिंग तिथंच. बाहेरची अख्खी भिंत एकाच कॅव्हिटीत येते आणि कोअर सपाट प्लेटवर उभा राहतो.
जालन्याच्या भाऊंसारखं 7.5 मिमीवर कापलं तर साचा होतो, नाही असं नाही. पण ड्राफ्ट दोन्हीकडे द्यावा लागतो, झाकणाला मधे पोट येतं आणि अंगठ्याला लागेल अशी रेघ भिंतीवर कायम राहते. दोन भाग 0.1 मिमी सरकले, की तिथं पायरी. पार्टिंग कडेला असेल तर तेवढ्याच सरकण्यानं एका बाजूची भिंत 1.9 आणि समोरची 2.1 होते. डोळ्याला दिसत नाही. समोरासमोरच्या भिंती कॅलिपरनं मोजल्या की कळतं.

अनुवादक, लातूर
मग चित्रात तोंडाची बाहेरची कड थोडी गोलसर आहे, तिथं काय?

टूलरूम, वाळूज
हा प्रश्न ड्रॉइंगवाल्यांनी विचारायला हवा! कडेला 0.5 मिमी गोलाई असेल, तर सगळ्यात रुंद जागा कडेपासून अर्धा मिमी वर सरकते. म्हणजे ती गोलाई कोअरच्या प्लेटमधे कोरावी लागते आणि रेघ पुन्हा भिंतीवर येते. आम्ही पार्टीला सांगतो, बाहेरची कड टोकदारच ठेवा. गोलाई हवी तर आतल्या कडेला द्या, ती कोअरमधेच होते.
आणि थंड होताना प्लास्टिक आकसून कोअरला चिकटतं, म्हणून ढकलायच्या पिना त्याच बाजूला. हे टिपणात असू द्या, नाहीतर दोन भागांत फरक काय हे मुलांना पाठच करावं लागेल.

गणपतीचे साचे, परभणी
आमचं बरंय. सोंड कितीही वळलेली असो, रबरी साचा ओढून काढतो. रेघेचा एवढा विचार आम्ही करत नाही.

टूलरूम, वाळूज
तुमचा साचा वाकतो. आमच्यात साचा वाकत नाही, पण वस्तू थोडी वाकू शकते. झाकण डबीवर टक्कन बसावं म्हणून आतून बारीक कंगोरा असतो ना, तो सरळ उघडणाऱ्या साच्यात खरं तर अडकायला हवा. पीपी लवचिक असल्यानं स्ट्रिपर प्लेटनं ढकललं की तो कोअरवरून सुटतो.

डिप्लोमा, जालना
अडकणारा भाग आला की कोअर मिटणारा करावा, असं आम्हाला शिकवलंय. ढकलून काढला तर कंगोरा ओरबाडणार.

टूलरूम, वाळूज
खोल किंवा टोकदार असेल तर ओरबाडतो, खरंय. पण गोलसर, उथळ असेल तर ढकलूनच काढतात. अडकायचं ठिकाण बाहेरच्या भिंतीवर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं कॅव्हिटीतून सुटायला भिंतीला आत दबावं लागतं, आणि आत कोअर असल्यानं तेवढी जागा नसते.

डिप्लोमा, जालना
आणि तेच झाकण पॉलिस्टायरिनचं केलं तर?

टूलरूम, वाळूज
तडकेल. तिथं तुमचं खरं.

अनुवादक, लातूर
कोअर आणि कॅव्हिटी तसेच ठेवते. पार्टिंगला ‘विभाजन रेषा’ चालेल?

फौंड्रीवाला, नांदेड
लिव्हा ताई, पण पोरं कारखान्यात गेली की पार्टिंगच म्हणायलेत.