स्पॅनिशमधला सबजंक्टिव म्हणजे आपला विध्यर्थ का?

वाटसरू

दीड वर्षापासून स्पॅनिश शिकतोय. शंका, इच्छा, गरज, भावना यांपैकी काही आलं की पुढच्या वाक्यात क्रियापदाचं सबजंक्टिव रूप, एरवी इंडिकेटिव, असं शिकवलं होतं. वहीत मी सबजंक्टिवसमोर 'विध्यर्थ', म्हणजे आपलं 'यावं', 'जावं' हे रूप, आणि इंडिकेटिवसमोर 'स्वार्थ', म्हणजे साध्या विधानाचं रूप, असं लिहून ठेवलं. सुरुवातीला ते छान जुळलं. 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे'. किएरो म्हणजे मला हवंय, के म्हणजे की, आणि बेंगास म्हणजे यावंस.

गेल्या चाचणीत मात्र दोन वाक्यं चुकली. 'आना घरी असावी' याला मी सबजंक्टिव घालून 'आना एस्ते एन कासा' लिहिलं. ते चूक ठरलं. 'तू आलीस याचा मला आनंद झाला' इथे मी 'मे अलेग्रो दे के बिनिस्ते' असा साधा भूतकाळ लिहिला, तर बाईंनी खोडून 'आयास बेनीदो' हे सबजंक्टिवचं रूप केलं. मराठीत विध्यर्थ आहे तिथे स्पॅनिशला तो नको, आणि नाही तिथे हवा. मग 'विध्यर्थ' हा प्रतिशब्दच चुकीचा आहे का?

निशिगंध

खात्री असेल तर इंडिकेटिव, नसेल तर सबजंक्टिव, एवढंच ध्यानात ठेवा. 'दुदो के बेंगा', मला शंका आहे तो येईल की नाही, म्हणून सबजंक्टिव. 'क्रेओ के बिएने', मला वाटतं तो येतोय, म्हणून इंडिकेटिव. प्रतिशब्द कुठलाही घ्या. तुमच्या आनंदाच्या वाक्यात ती आलेलीच आहे, त्यामुळे ते खोडायला नको होतं असं मला वाटतं.

अनुस्वार

निशिगंध, तुमची दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत, पण कारण खात्रीचं नाही. 'क्रेओ' म्हणताना तरी कुठे खात्री असते? आणखी पुढे जा. 'आना क्रे के ला तिएर्रा एस प्लाना', म्हणजे पृथ्वी सपाट आहे असं आनाला वाटतं. बोलणाऱ्याला ही गोष्ट खोटी आहे हे पक्कं ठाऊक आहे, तरी क्रियापद इंडिकेटिवच. कारण पृथ्वी सपाट आहे हे विधान कुणीतरी, इथे आना, करते आहे. विधान खरं की खोटं हे व्याकरण पाहत नाही. 'क्रेओ'ला नकार जोडला की 'नो क्रेओ के बेंगा' होतं, कारण आता 'तो येतोय' हे विधान कुणीच करत नाही.

आता आनंदाचं वाक्य. ती आली हे दोघांनाही ठाऊक आहे, मी तिला ती बातमी देत नाही. सांगायचा आहे तो माझा आनंद. तिचं येणं त्या आनंदाचं निमित्त म्हणून मागे उभं आहे, म्हणून 'आयास बेनीदो'. इच्छेत आणि गरजेतही तेच होतं: 'किएरो के' किंवा 'एस नेसेसारियो के' म्हणताना पुढची गोष्ट घडली असं मी म्हणतच नाही. मात्र इच्छा करणारा आणि येणारा एकच असेल तर 'के' सुद्धा लागत नाही, 'किएरो बेनीर' पुरतं.

आणि वाटसरू, मराठीला ही सोय परकी नाही. 'इतक्या जुन्या मैत्रिणीनं न सांगता निघून जावं, याचं वाईट वाटतं.' ती गेलेली आहे, तरी आपण 'जावं' म्हणतो, कारण सारा भर वाईट वाटण्यावर आहे. 'त्यानं असं वागावं याचं नवल वाटतं' हेही तसंच. फरक असा की मराठीत हा पर्याय आहे आणि त्यात तक्रारीचा किंवा नवलाचा सूर येतो. म्हणूनच 'तू यावंस याचा आनंद झाला' कानाला खटकतं. स्पॅनिशला तसा सूर नसतानाही तेच रूप लागतं. तुमची वहीतली नोंद चूक नाही, पण ती जिथे जुळते तो भाग तुम्ही पाहिला नव्हता.

वाटसरू

'निघून जावं' हे रोज बोलतो, पण लक्षात आलं नव्हतं. मग 'असावी'चं काय?

अनुस्वार

तो निव्वळ अंदाज आहे, आणि अंदाज हेही विधानच. 'असावी'च्या जागी 'असेल' घालून पाहा. 'आना घरी असेल' चालतं ना? मग स्पॅनिशमध्येही भविष्यकाळ: 'आना एस्तारा एन कासा'. वाक्य स्वतंत्र आहे, त्याच्या मागे 'के' घेऊन येणारं दुसरं कुणी नाही, हीसुद्धा खूण आहे. एकट्या वाक्यात सबजंक्टिव येतो तो 'ओहाला बेंगा' सारख्या ठिकाणी, म्हणजे 'तो येवो'.

पाऊलखुणा

मी फ्रेंच शिकले आहे. तिथे आशा व्यक्त करताना इंडिकेटिव येतो, इच्छा व्यक्त करताना सबजंक्टिव. तेव्हा तुमचा 'आशा' हा शब्द यादीतून काढून टाका.

वाटसरू

मी आशेबद्दल विचारलं नव्हतं, पण आता प्रश्न पडला. स्पॅनिशमध्ये 'एस्पेरो के बेंगा' हेच शिकवलं आहे.

अनुस्वार

स्पॅनिशमध्ये तेच बरोबर आहे. पाऊलखुणा म्हणतात तेही फ्रेंचपुरतं बरोबर. आशा ही इच्छा मानायची की अपेक्षित गोष्टीबद्दलचं विधान, हे प्रत्येक भाषा आपल्यापुरतं ठरवते. एका भाषेची यादी दुसरीला लावू नये.

दवबिंदू

माझा अनुभव सांगते. एका मैत्रिणीला ताप होता. मी तिला लिहिलं, 'सिएन्तो के एस्तास एन्फेर्मा'. मला म्हणायचं होतं, तू आजारी आहेस याचं वाईट वाटतं. तिनं उलट विचारलं, तुला असं कशावरून वाटलं? मी दोन दिवस विचार करत होते की मी काय चुकले.

अनुस्वार

'सिएन्तो'चे दोन अर्थ आहेत आणि ते पुढच्या क्रियापदावर ठरतात. 'एस्तास' म्हटलंत, म्हणजे 'मला जाणवतंय की तू आजारी आहेस', तुम्ही विधान केलंत. 'एस्तेस' म्हटलं असतंत तर 'वाईट वाटतं' झालं असतं. 'दीसे'चंही तसंच. 'आना दीसे के हुआन बिएने', हुआन येतोय असं आना सांगते. 'आना दीसे के हुआन बेंगा', हुआननं यावं असं आना म्हणते. इथे तर विध्यर्थ शब्दशः बसतो.

निशिगंध

मग 'नो दुदो के'? शंका नाही म्हणजे विधान झालं, तर इंडिकेटिवच हवा.

अनुस्वार

तुमचा तर्क बरोबर आहे आणि इंडिकेटिव चालतोही. पण सबजंक्टिवही वापरतात, कारण शंकेचा विषय निघाला की काहींना ते रूप ओढून घेतं. तिथे मी एकाला चूक ठरवणार नाही.

पाऊलखुणा

माझ्या ओळखीचे एक लॅटिन अमेरिकन गृहस्थ बोलताना सर्रास 'मे अलेग्रो के बिनिस्ते' म्हणतात. म्हणजे वाटसरूंचं मूळ वाक्यच!

अनुस्वार

बोलण्यात ते ऐकू येतं. चाचणीत मात्र 'आयास बेनीदो'च लिहा. ते कुणी खोडणार नाही.

वाटसरू

वहीत 'विध्यर्थ' तसाच ठेवतो, आणि खाली 'निघून जावं' चं वाक्य लिहितो. 'नो दुदो'समोर सध्या प्रश्नचिन्ह.