धर्म बदललेल्या बहिणीचा वडिलांच्या घरात वाटा

अशोक चौक: वडिलांनी यंत्रमागाच्या कमाईतून घेतलेले घर आहे. ते गेल्या वर्षी मृत्युपत्र न करता वारले. आई आधीच गेली. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. तिने लग्नानंतर ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे. तिला वाटा द्यावाच लागेल का?

सात रस्ता: मुळीच नाही. धर्मांतर करणाऱ्याचा हक्क शाबूत ठेवणारा 1850 चा कायदा आता रद्द झाला आहे. मग तिच्या बाजूने उरले काय? शिवाय जिने घरचे देव सोडले, तिने देवघरासकट घरावर हक्क सांगावा, हे मला पटत नाही.

निवृत्त दिवाणी वकील: तो कायदा रद्द झाला हे खरे, परंतु तिचा हक्क त्यावर अवलंबून नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात स्वतः धर्म बदलणाऱ्याला वगळणारे कलमच नाही, आणि त्या कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज अन्य कारणाने कोणी अपात्र ठरत नाही, असे कलम 28 सांगते. मुसलमान झालेल्या मुलीला हिंदू वडिलांची वारस मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये मानले आहे. तेव्हा तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश. तिला वगळून मिळकत पत्रिकेवर दोघांचीच वारस नोंद करून घेतलीत, तरी तिची मालकी जात नाही. घर विकायला काढले की खरेदीदाराचा वकील तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो आणि व्यवहार तिथेच अडतो.

अडचण येते ती मुलांची. बहीण वडिलांच्या आधी वारली असती, तर तिच्या जागी तिची मुले आली असती. मात्र कलम 26 प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेले मूल आजोबांच्या मृत्यूसमयी हिंदू नसेल तर बाद होते, आणि धर्मांतरापूर्वी जन्मलेले त्याचेच सख्खे भावंड वारस राहते.

साखर पेठ: आईने केलेल्या गोष्टीची शिक्षा लेकराला, ही कसली रीत? आमचे आजोबा बौद्ध झाले, म्हणून चुलतघराणे आम्हालाही हेच कलम दाखवते.

निवृत्त दिवाणी वकील: तुम्हाला ते लागू नाही. बौद्ध, जैन आणि शीख यांना हा कायदा हिंदूंमध्येच धरतो.

विजापूर रोड: माझ्या नणंदेचे उलटे झाले आहे. ती हिंदूच राहिली, नवरा मुसलमान झाला आणि घटस्फोट न होताच वारला. बायकोचा हक्क तर कुठे जात नाही ना?

निवृत्त दिवाणी वकील: ताई, बायकोने धर्म बदलला असता आणि नवरा हिंदू राहून वारला असता, तर घटस्फोट झालेला नसल्याने ती वारस ठरली असती. इथे मात्र वारसा मयताच्या धर्माच्या कायद्याने ठरतो, आणि मुस्लिम वारसा कायद्यात बिगर-मुस्लिमाला सहसा वाटा मिळत नाही. त्यांनी धर्म खरोखर बदलला होता का, यावरच वाद उभा राहील. कागद पाहिल्याशिवाय मी अधिक बोलणार नाही.

सात रस्ता: कायदा समजला, पण न्याय पटला नाही.

निवृत्त दिवाणी वकील: घर स्वकष्टार्जित होते; वडिलांना तिला वगळायचे असते तर मृत्युपत्र करता आले असते. त्यांनी ते केले नाही.