अनुभव धागा: गावी परतणाऱ्या आजोबांना तुम्ही काय लिहून दिलंत?

धागा काढणारी नात

आमचे आबा चाळीस वर्षं शहरात हिशेबनीस होते. सत्तरीत काम सोडलं आणि गावच्या घरी कायमचे राहायला गेले, एकटेच. निघायच्या आदल्या रात्री मी पाठपोट दोन पानं लिहून त्यांच्या पिशवीत सरकवली. औषधं वेळेवर घ्या, रात्री दिवा लावल्याशिवाय उठू नका, शिडीवर चढू नका... नंतर मोजल्या, तर तेवीस सूचना होत्या.

चार महिन्यांनी मी गेले तेव्हा ती चिठ्ठी त्यांच्या चष्म्याच्या डबीत होती. म्हणाले, "चार ओळी वाचल्या गं. पुढे तू कुठे दिसेनास, म्हणून ठेवून दिली."

मला ते लागलं. पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. आबांच्या चपलेचा पट्टा सुटा होता. विचारलं तर म्हणाले, हल्ली लागतच नाही, चप्पल आटली असेल. पाहते तर दोन्ही घोटे सुजलेले, बोटाने दाबलं की खळगा राहत होता. फडताळात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन पेट्या होत्या. रंग वेगळा, नाव वेगळं, पण खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच: अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलीग्रॅम. नेहमीची पेटी मिळाली नाही म्हणून गावच्या दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली होती, आणि नंतर आम्ही घरून नेहमीची पाठवली. आबांना वाटलं औषध वाढवलंय. तीन आठवडे ते दोन्ही घेत होते, अगदी वेळेवर. माझ्या चिठ्ठीतली पहिलीच ओळ त्यांनी तंतोतंत पाळली होती.

डॉक्टरांनी तपासून एक पेटी बंद केली आणि पुढच्या काही आठवड्यांत सूज ओसरली. मग मी दुसरी चिठ्ठी लिहिली. ती अशी:

"आबा, रक्तदाबाची एकच गोळी, सकाळी. पेटीवरचं मोठं नाव बदलेल. त्याखालचं नाव अ‍ॅम्लोडिपिन आणि आकडा 5, हे दोन्ही जुळले तर ती तीच गोळी. नवी पेटी आली की जुनी संपेपर्यंत उघडायची नाही. चपलेचा पट्टा लागेनासा झाला तर त्याच दिवशी मला फोन.

पहिल्या पावसात घर कुठे कुठे गळतं ते वहीत मांडून मला कळवा. माझ्या लहानपणी माजघरात पातेलं ठेवायचे, ती गळती अजून तिथेच आहे का?

कंटाळा आला तर परत या. तुमची खोली तशीच ठेवली आहे."

तुम्ही काय लिहिलंत, आणि त्यातलं काय वाचलं गेलं, ते सांगा. शेवटच्या दोन ओळींबद्दल मी अजून साशंक आहे.

निवृत्त परिचारिका

घोट्यांची सूज हा या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे, आणि मात्रा वाढली की तो वाढतो. गोळी दुप्पट झाली हे तुम्ही चपलेवरून ओळखलंत, ते मला फार मोलाचं वाटतं. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. मात्र सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाचीही असू शकते. म्हणून पेट्या पाहून घरीच निकाल लावायचा नाही. तुम्ही डॉक्टरांकडे नेलंत ते बरोबर केलंत.

चिठ्ठीत एक ओळ वाढवा. रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटं बसून मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगायचं. बसून मोजलेला आकडा चांगला दिसतो, आणि माणूस पहाटे उठताना पडतो.

गावाकडचा नातू

माझा अनुभव असा की गावी गेल्यावर रक्तदाब आपोआप उतरतो. चालणं होतं, डोक्याला ताप नाही. आमच्या अण्णांनी गोळी अर्धी केली, काही बिघडलं नाही. आणि चिठ्ठी लाल शाईने लिहा, लगेच नजरेत भरते.

निवृत्त परिचारिका

चालण्याने रक्तदाब उतरू शकतो, हे खरं आहे. पण किती उतरला ते आठ-पंधरा दिवसांचे आकडे पाहून डॉक्टर ठरवतील, मग गोळी कमी करायची. अण्णांना बरं वाटतंय म्हणजे रक्तदाब आटोक्यात आहे असं नाही, कारण वाढलेला बहुधा जाणवतच नाही. अण्णांचे आकडे एकदा लिहून काढा, ही मनापासून विनंती.

लाल शाईचंही तसंच. तरुण डोळ्यांना ती उठून दिसते. म्हाताऱ्या डोळ्यांना पांढऱ्या कागदावर काळी, जाड आणि ओळींत अंतर सोडून लिहिलेलीच बरी. चकचकीत कागद नको, त्यावर दिव्याची तिरीप येते.

नवीन सभासद

माझे आजोबा पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. कार्यालयातल्या निरोप समारंभात वाचायला छोटा मजकूर हवा आहे. इथे कुणी देईल का?

धागा काढणारी नात

इथे घरच्या चिठ्ठीबद्दल चाललंय. पण तुमचे आजोबा नंतर गावी जाणार असतील तर हा धागा जपून ठेवा.

मी स्वतः आजोबा

मी घेणाऱ्या बाजूचा आहे. गावी येऊन तीन वर्षं झाली. नातवाने मला एकच ओळ लिहिली होती: "विहिरीजवळच्या झाडाचा घेर दर वाढदिवसाला मोजून कळवा." छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळतो, गाठ मारतो, मग सुतळी मोजपट्टीवर ठेवतो. पहिल्या वर्षी सुतळी कधी वर, कधी खाली गुंडाळली आणि झाड आटलं असं निघालं. आता खोडावर चुन्याची खूण केली आहे.

तुमच्या त्या शेवटच्या ओळींबद्दल सांगतो. मला कुणी तसं लिहिलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात मी वाईट मानलं असतं. आम्ही जातो तेव्हा आमच्याही मनात शंका असतेच. ती कागदावर दिसली की बळावते.

आजोबा परत आलेली एक नात

मला उलट सांगायचंय. आमचे दादा आठ महिन्यांत परत आले, पण त्यातले शेवटचे तीन महिने त्यांनी नुसते लाजेत काढले. शेजारी बोलायला कुणी उरलं नव्हतं, ऐकू कमी येत होतं, आणि फोनवर सगळं छान आहे म्हणायचे. निघताना सगळ्यांनी हार घालून निरोप दिला होता, मग परत कोणत्या तोंडाने यायचं? आम्ही कुणीही ती ओळ लिहिली नव्हती. मी आजही स्वतःला विचारते की लिहिली असती तर ते तीन महिने वाचले असते का. तुम्ही ओळ ठेवा, ताई.

मी स्वतः आजोबा

तुमच्या दादांचं वाचून थांबलो. लाजेचा विचार मी केला नव्हता. तरी चिठ्ठीत नको, असं अजून वाटतं. तोंडी सांगा, समोर बसून.

गावाकडचा नातू

अण्णांचं यंत्र आणलं. आज बसून 158, उभं राहून 150. उद्यापासून रोज लिहितोय, आणि सोमवारी डॉक्टरांकडे नेतो.

धागा काढणारी नात

आबांचं पत्र आलं. हिशेबाच्या वहीचं पान आहे, रकाने आखलेले. गळती तीन ठिकाणी: माजघरात जुनीच, वाटी भरायला अर्धा तास, पडवीत नवी, कौल सरकलंय, तिसरी देवघराच्या भिंतीतून, ती कुठून येते ते अजून सापडत नाही. चपलेचा पट्टा शेवटून दुसऱ्या भोकात लागतो, असंही लिहिलंय. खोलीच्या ओळीबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या महिन्यात जाते आहे. तेव्हा समोर बसून विचारेन.